थकलेले सगळे पैसे आले, आता ग्राहक म्हणतो "पूर्वीसारखी उधारी चालू करा". अटी काय घालाव्यात?

पुठ्ठेवाली
कुपवाड एमआयडीसीत आमचा खोक्यांचा छोटा कारखाना आहे. उद्यम नोंदणी आहे, सूक्ष्म उद्योगात. तासगावचे एक बेदाणा व्यापारी आमच्याकडून १५ किलोचे छापील बॉक्स घेतात, जीएसटी धरून महिन्याला साधारण ३ लाखांचे. आठवड्याला एक गाडी जाते, पाऊण लाखाच्या आसपास. सात वर्षांचं गिऱ्हाईक आहे. उधारी तोंडी ४५ दिवसांची, पण ते ५०-५५ ला द्यायचे आणि आम्ही काही बोलायचो नाही.

यंदा पावसाळ्यात गाडं अडलं. सर्वांत जुनं बिल ११० दिवसांवर गेलं आणि एकूण येणं ७,८०,००० झालं. सप्टेंबरपासून मी उधारी बंद केली, आगाऊ पैसे आले की गाडी. त्यानंतर त्यांनी तीन हप्त्यांत ३ लाख, अडीच लाख आणि दिवाळी झाल्यावर २,१८,६०० दिले. ११,४०० बाकी दिसतात, पण ते म्हणतात की तो ओल्या बॉक्सचा वाद आहे, येणं नाही.

आता त्यांचा निरोप आलाय: "ताई, शब्द पाळला ना? आता पूर्वीसारखं करा." माझे दीर विक्री बघतात, ते म्हणतात लगेच ४५ दिवस चालू कर, नाहीतर दुसरीकडे जातील. माझ्या डोक्यात असं आहे की आधी १५ दिवस आणि दीड लाखाची मर्यादा, मग हळूहळू वाढवायची. लेखी काय घ्यावं, चेक घ्यावेत का, आणि व्याज मागावं का?

रात्रपाळी
दिले ना त्यांनी पैसे? मग आता अटी कशाला. तुम्ही त्यांना नम्रपणे पत्र लिहा, तुमची अडचण सांगा, पुरवठादार ऐकतात. माझ्या मेहुण्याने असंच केलं होतं, त्याला परत ६० दिवस मिळाले.

पुठ्ठेवाली
@रात्रपाळी अहो, पुरवठादार मीच आहे. :)

रात्रपाळी
अरेच्चा. मग मेहुण्याच्या पुरवठादाराला विचारायला पाहिजे!

सीए_इंटर
ताई, काळजीचं कारणच नाही. तुम्ही सूक्ष्म उद्योगात असल्याने आयकराचं ४३ब (एच) लागू होतं. ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्यांना तो खर्च वजा मिळत नाही, त्यामुळे आता ते आपोआप वेळेवर देतील. आणि ४५ दिवसांच्या वर उधारी देणं आता बेकायदेशीरच आहे.

जुनी_वही
तीस वर्षं एका रंग कंपनीच्या वितरकाकडे वसुली आणि उधारीचं टेबल सांभाळलं, आता निवृत्त आहे. वरच्या प्रतिसादात निम्मं बरोबर आहे, म्हणून आधी तेवढं.

४५ दिवसांच्या वर मुदत दिली म्हणून तुम्हाला किंवा त्यांना कुणी पकडून नेत नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्याचं कलम १५ म्हणतं की लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि करारच नसेल तर फक्त १५ दिवस. त्यापुढे गेलं की कायद्याने व्याज सुरू होतं, रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. म्हणजे ताई, तुमची ती "तोंडी ४५" कायद्याच्या नजरेत १५ च होती. नव्याने लेखी करायला हे एक कारण पुरेसं आहे.

आता ४३ब (एच). उशीर केला तर तो खर्च ज्या वर्षी पैसे दिले त्या वर्षी वजा होतो. यांनी उशीर कधी केला? पावसाळ्यात. पैसे कधी दिले? दिवाळीला. दोन्ही एकाच आर्थिक वर्षात. त्यामुळे त्यांना एक रुपयाचाही कर जास्त लागणार नाही. ते कलम चावतं ३१ मार्च ओलांडून राहिलेल्या, मुदत उलटलेल्या बिलांना. जुलैतल्या थकबाकीवर त्याचा काही उपयोग नाही.

आता माझे प्रश्न. पैसे दिवाळीच्या सुमाराला आले म्हणता. तेव्हा तासगाव-सांगलीत सौदे बंद ठेवून सगळी जुनी देणी मिटवायचं झिरो पेमेंट होतं ना? दुसरं, सप्टेंबरपासून ते तुमच्याकडून आगाऊ पैसे देऊन किती माल घेत होते? पूर्वीइतकाच?

पुठ्ठेवाली
हो, झिरो पेमेंटच्याच काळात आले, शेवटचा हप्ता थोडा नंतर. माल साधारण एक तृतीयांश घ्यायचे. बाकीचे बॉक्स जयसिंगपूरहून येत होते असं आमच्या ड्रायव्हरने सांगितलं.

जुनी_वही
मग ते जयसिंगपूरचे बॉक्स रोखीने घेतले की उधारीवर, हे आधी काढा. उधारीवर घेतले असतील तर तुमचं देणं फिटलं असं म्हणता येत नाही, ते तिकडे सरकलं. आज ना उद्या तो माणूसही हात आखडेल आणि पुन्हा ताण तुमच्यावर येईल.

झिरो पेमेंटचं तर अजून महत्त्वाचं. त्या काळात सगळ्या बाजाराचे पैसे फिरून जागेवर येतात. सौदे बंद, नवी खरेदी नाही, उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांकडचंही दिवाळीचं येणं येतं. वर्षातले हे असे दिवस आहेत की अडलेला व्यापारीसुद्धा देऊ शकतो. त्यामुळे त्यांची दानत कळली, ऐपत नाही. ऐपत कळते फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. नवा बेदाणा येतो, भाव बरा दिसतो, हातातला प्रत्येक रुपया मालात घालावासा वाटतो. अडत्याचे पैसे वेळेवर नाही दिले तर सौद्यात उभं राहणं कठीण, म्हणून ते आधी. मग कोल्ड स्टोअरेजचं भाडं, हमाली, गाडीभाडं. खोकेवाला रांगेत सगळ्यात मागे, कारण तो ओरडत नाही.

म्हणून तुमची पूर्ण उधारी त्या हंगामाच्या आधी परत जाता कामा नये. हंगामातून ते पार पडले की मग.

बोरगावकर
वहीकाकांचं पटलं. मी बागायतदार आहे, बेदाणा आमचाच जातो तिकडे. एक सांगतो, व्यापारी अडचणीत आहे का नाही ते सौद्यात दिसतं. जो एरवी पहिल्या चार बोलीवाल्यांत असतो तो गप्प बसायला लागला की समजायचं. किंवा उलट, भाव न बघता उचलत सुटला तरी समजायचं.

लातूरचा_कृषीवाला
आमच्या धंद्यात वेगळंच. मी खतं-बियाणं गावोगावच्या दुकानदारांना देतो. एका दुकानदाराने सोयाबीन आल्यावर सगळी बाकी एका दिवसात फेडली. मी खूश होऊन डबल माल सोडला. नंतर कळलं की त्याने सोनं गहाण टाकून माझे पैसे दिले होते. पुढच्या खरिपात माझे साडेचार लाख अडकले, अजून निम्मे यायचेत. त्यामुळे मी तरी सांगेन, उधारी परत देऊच नका. एकदा गेला तो गेला.

मालवाहू
उधारी न देता खोकी विकून दाखवा राव. कुपवाडपासून जयसिंगपूरपर्यंत किती खोकेवाले आहेत मोजा एकदा.

पुठ्ठेवाली
@मालवाहू तेच तर. गिऱ्हाईक सोडायचं नाहीये. काका, मग माझा १५ दिवस आणि दीड लाखाचा आकडा ठीक आहे का?

जुनी_वही
१५ दिवस ठीक. दीड लाख चुकतोय, आणि ही चूक मी चांगल्या मोठ्या कंपन्यांत पाहिली आहे. आठवड्याला एक गाडी, पाऊण लाखाची. पहिली गाडी आज, दुसरी ७ व्या दिवशी, तिसरी १४ व्या दिवशी. पहिल्या बिलाची मुदत १५ व्या दिवशी. म्हणजे माणूस अगदी दिवसावर पैसे देणारा असला तरी तिसरी गाडी निघताना खात्यावर सव्वादोन लाख असणार. तुमची दीड लाखाची मर्यादा त्याला काहीच कसूर नसताना अडवेल. मग दीर फोन करतील, तुम्ही "बरं, जाऊ दे" म्हणाल, आणि दुसऱ्याच आठवड्यात मर्यादा नावापुरती उरेल. जी मर्यादा नियमित माणसालाही ओलांडावी लागते ती कुणीच पाळत नाही.

त्यामुळे १५ दिवसांना २,२५,००० ठेवा. ३० दिवसांच्या पायरीवर एका वेळी पाच गाड्या बाहेर असतील, म्हणजे ३,७५,०००. शेवटच्या पायरीवर मी ४५ म्हणणार नाही, ४२ म्हणेन. सात गाड्या, ५,२५,०००. बँकेच्या सुट्ट्या, आरटीजीएस उद्यावर जाणं, यासाठी तीन दिवसांची सवलत सगळीकडे द्याच, आणि ४२ अधिक ३ केलं तरी ४५ च्या आत राहतं. ते ४५ दिवस माल पोचल्यापासून मोजायचे, त्यामुळे पोचपावतीवर तारीख आणि शिक्का हवाच.

आणि पायऱ्या महिन्यांनी मोजू नका. "तीन महिने नीट चाललं तर वाढवू" असं म्हटलं की त्या तीन महिन्यांत खरी परीक्षा किती बिलांची झाली हे कुणी बघत नाही. पिकलेली बिलं मोजा. १५ दिवसांवर ओळीने सहा बिलं मुदतीत आली की पुढची पायरी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलंत तर सहावं बिल पिकायला साधारण सात आठवडे, म्हणजे जानेवारीचा शेवट. तिथून ३० दिवसांवर आठ बिलं. ती पिकेपर्यंत एप्रिलचा मध्य येतो, म्हणजे नव्या बेदाण्याची खरेदी बरोबर या पायरीवर पडते. मी तर आठ बिलं झाली तरी एप्रिल संपेपर्यंत ४२ वर नेणार नाही.

सीए_इंटर
४३ब (एच) बद्दल बरोबर आहे, एकाच वर्षात आलं हे मी धरलंच नव्हतं. पण काका, एकूण मर्यादा आहे तर परत बिलवार कशाला बघायचं? खातं मर्यादेच्या आत असलं की झालं ना.

जुनी_वही
नाही झालं. हंगाम नसताना ते तीन महिन्यांत एकच गाडी घेतील. ७५ हजार बाकी, मर्यादा पावणेचार लाख. खातं अगदी देखणं. पण ते ७५ हजार नव्वद दिवसांचे असतील. रक्कम छोटी असते तेव्हाच सवय बिघडते, आणि हंगामात ती मोठी होऊन समोर येते. थांबवायची खूण एकच ठेवायची: कुठलंही एक बिल मुदत अधिक तीन दिवसांपलीकडे गेलं की पुढची गाडी भरायची नाही. एकूण बाकी कितीही असो.

हे टॅलीत नीट दिसायला खात्यात `Maintain balances bill-by-bill` हे `Yes` पाहिजे आणि `Default credit period` मध्ये `15 Days`. `Check for credit days during voucher entry` हेही चालू करा. पण खरी मेख दुसरीकडे आहे. ते गोल रकमा टाकतात का? पन्नास हजार, एक लाख, बिल न सांगता?

पुठ्ठेवाली
नेहमीच. आमची अकाउंटंट "ऑन अकाउंट" टाकते, नंतर जुळवते. कधी जुळवते, कधी राहून जातं.

जुनी_वही
मग आजवर तुमचं सर्वांत जुनं बिल खरंच किती जुनं होतं हे तुम्हालाही नक्की सांगता येणार नाही. करार कायदा असं सांगतो की पैसे कुठल्या बिलापोटी हे देणाऱ्याने सांगितलं तर त्यालाच लावायचे, सांगितलं नाही तर घेणारा ठरवतो. तुम्ही पत्रातच लिहून टाका की बिल क्रमांक न कळवता आलेली रक्कम सर्वांत जुन्या बिलाला लागेल. आणि त्याच दिवशी लावा. अकाउंटंटला सांगा, शनिवारी ऑन अकाउंट शून्य असलं पाहिजे.

ते ११,४०० आधी मिटवा. ते तसेच राहिले तर तुमच्या खात्यात कायमचं एक जुनं बिल लटकत राहील. मग एकतर प्रत्येक गाडी त्यावर अडेल, नाहीतर "ते सोडून बघ" अशी सवय लागेल, आणि उद्या खरंच जुनं झालेलं बिलही त्या "सोडून" मध्ये जाईल. बॉक्स खरंच ओले गेले होते का?

पुठ्ठेवाली
पावसात ताडपत्री फाटली होती, काही गठ्ठे भिजले हे खरं. पण त्यांनी तक्रार दीड महिन्याने केली, पैसे मागितल्यावर.

मालवाहू
पैसे मागितले की माल ओला होतो, हा अनुभव समस्त महाराष्ट्राचा आहे.

जुनी_वही
निम्मी क्रेडिट नोट द्या, निम्मे घ्या, नाहीतर सगळी द्या, पण खातं शून्यावर आणा आणि त्यांच्याकडून सही-शिक्क्याचं बाकी पडताळणीचं पत्र घ्या. पुढसाठी अट: तक्रार माल पोचल्यापासून सात दिवसांत लेखी, व्हॉट्सअॅपवर फोटोसह चालेल. वाद असेल तर तेवढीच रक्कम बाजूला, बाकीचं बिल मुदतीत. नाहीतर दोन हजारांच्या ओल्या गठ्ठ्यासाठी ७५ हजारांचं बिल अडवून ठेवतात. कायदाही लेखी हरकतीला १५ दिवसच देतो, त्यानंतर माल पोचल्या दिवशीच स्वीकारला असं धरलं जातं.

अॅड_मिरजेचे
चेकचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. एकच मोठा, तारीख न टाकलेला चेक "सिक्युरिटी" म्हणून घेऊन कपाटात ठेवण्याची पद्धत आहे. त्यात दोन अडचणी. एक, चेक वटवायच्या दिवशी तितकं देणं खरोखर असायला हवं. समजा ३,७५,००० चा चेक आहे, त्यातले लाख त्यांनी नंतर दिले आणि तुम्ही पूर्ण रकमेचा चेक लावला, तर चेक न वटल्याची १३८ ची केस तिथेच लंगडी होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे स्पष्ट केलंय, आलेली रक्कम चेकवर नोंदवून उरलेल्यापुरताच तो वापरायचा. दुसरी, मुदती पाळाव्या लागतात. चेक तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत, परत आल्याचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, त्यांना १५ दिवस, मग एक महिन्यात तक्रार.

म्हणून पहिल्या पायरीवर मी प्रत्येक गाडीमागे त्या बिलाच्याच रकमेचा, मुदतीच्या तारखेचा चेक घ्यायला सांगेन. रक्कम आणि बिल एकास एक. बँकेच्या ऑटो डेबिटची सोय करून घेतलीत तरी चालेल, ते परत गेलं तर २००७ च्या पेमेंट सिस्टीम कायद्याच्या कलम २५ खाली तशीच कारवाई होते.

बोरगावकर
वकीलसाहेब, गावाकडे पुढच्या तारखेचा चेक मागणं म्हणजे तोंडावर "विश्वास नाही" म्हणणं. माणूस दुखावतो. सात वर्षांचं गिऱ्हाईक आहे.

अॅड_मिरजेचे
दुखावतो हे खरं. म्हणून फक्त पहिल्या पायरीपुरतं. दुसऱ्या पायरीला चेक बंद करायचे आणि तसं पत्रात आधीच लिहायचं, म्हणजे त्यालाही पुढे जायचं कारण राहतं.

पुठ्ठेवाली
व्याजाचं काय करू? दीर म्हणतात सोडून दे.

सीए_इंटर
मी हिशेब केला. वर्षाला १८ टक्के धरले आणि सरासरी ५ लाख साधारण ६० दिवस उशिरा आले असं मानलं तर १४,७९५. कायद्याच्या दराने वेगळं निघेल. आणि घेतलंत तर त्यावर जीएसटी लागतो, मालाच्याच दराने, व्याज हातात येईल तेव्हा. डेबिट नोट काढावी लागेल.

जुनी_वही
मी असतो तर जुनं सोडलं असतं, पण पत्रात "या वेळेपुरतं" असं लिहून. पुढचं व्याज मात्र दराने लिहायचं आणि पहिल्या उशिरालाच डेबिट नोट पाठवायची, मग ती दोनशे रुपयांची का असेना.

अॅड_मिरजेचे
इथे माझं मत वेगळं. "सोडलं" असं लेखी देऊ नका. "मागणी सध्या करत नाही" एवढंच. उद्या प्रकरण थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या एमएसएमई फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे गेलं तर तुमच्याच सहीचं पत्र तुमच्यासमोर येईल.

लातूरचा_कृषीवाला
वकील आले की पंधरा हजारांचे पन्नास हजार होतात.

पुठ्ठेवाली
सगळ्यांचं वाचून मसुदा केलाय. नाव-पत्ता सोडून देते:

"आपण मागील सर्व बाकी पूर्ण केल्याबद्दल आभार. बिलातील ओल्या मालाबाबतचा फरक क्रेडिट नोटने मिटवला असून आजअखेर खाते शून्य आहे, सोबतच्या प्रतीवर सही-शिक्का करून द्यावा. डिसेंबरपासून उधारीचा पुरवठा पुन्हा सुरू करत आहोत.

सुरुवातीला मुदत माल पोचल्यापासून १५ दिवस व एकूण बाकीची मर्यादा २,२५,००० रुपये राहील. प्रत्येक गाडीसोबत त्या बिलाचा मुदतीच्या तारखेचा चेक द्यावा. ओळीने सहा बिले मुदतीत आल्यावर मुदत ३० दिवस व मर्यादा ३,७५,००० होईल आणि चेकची अट राहणार नाही. एप्रिलअखेरपर्यंत किमान आठ बिले मुदतीत आल्यास १ मेपासून मुदत ४२ दिवस व मर्यादा ५,२५,००० करू.

कोणतेही एक बिल मुदतीनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त राहिल्यास पुढील गाडी आपोआप थांबेल; त्यासाठी वेगळी सूचना दिली जाणार नाही. ते बिल आल्यावर पुरवठा एक पायरी खालच्या मुदतीने सुरू होईल. असे दुसऱ्यांदा झाल्यास त्या हंगामापुरता पुरवठा आगाऊ रकमेवरच राहील. बिल क्रमांक न कळवता आलेली रक्कम सर्वांत जुन्या बिलाला लावली जाईल. मालाची तक्रार सात दिवसांत लेखी करावी व वादाची रक्कम वगळून उरलेले बिल मुदतीत द्यावे. मुदतीनंतर कायद्यानुसार व्याज आकारले जाईल. मागील उशिरावरील व्याजाची मागणी सध्या करत नाही."

जुनी_वही
चांगलं झालंय. एक राहिलं: पहिल्याच पायरीवर चुकले तर "एक पायरी खाली" म्हणजे काय? तिथे सरळ आगाऊ असं लिहा. आणि "आपोआप थांबेल" हे वाक्य तुमच्या गोडाऊनच्या माणसाला वाचून दाखवा. गाडी भरायच्या आधी त्याने अकाउंटंटची सही घ्यायची, दिरांची नाही. विक्रीवाल्याच्या हातात ही किल्ली कधीच ठेवायची नसते, तो बिचारा नाही म्हणूच शकत नाही.

पुठ्ठेवाली
दिरांना हे सांगायचं काम तुम्ही कराल का? :)

काल मसुदा त्या व्यापाऱ्यांना तोंडी सांगितला. मुदत, मर्यादा, गाडी थांबवणं, सगळ्याला "बरं" म्हणाले. जयसिंगपूरचं विचारलं तर म्हणाले निम्मं रोख, निम्मं उधार, जानेवारीत फिटेल. अडले चेकवर. म्हणतात, "चेक नको, त्याऐवजी पहिल्या पायरीला दर गाडीमागे निम्मे आगाऊ देतो, निम्मे १५ दिवसांनी."

बोरगावकर
घ्या की. चेकपेक्षा बरं.

अॅड_मिरजेचे
निम्मे आगाऊ आले की बाहेर असतील सव्वा लाखाच्याही आत. त्यापुढे चेकचा आग्रह मी धरणार नाही. फक्त मर्यादा २,२५,००० च्या जागी १,१२,५०० करा, नाहीतर तेवढ्या जागेत ते दुप्पट माल मागतील.

जुनी_वही
मान्य. पण एक बघा. आगाऊ निम्मे देऊन उरलेले निम्मे १५ दिवसांनी वेळेवर आले, तर परीक्षा निम्म्याच रकमेची झाली. सहाऐवजी आठ बिलं घ्या त्या पायरीवर. आणि जानेवारीत जयसिंगपूरचं खरंच फिटलं का ते तुमच्या ड्रायव्हरला विचारायला विसरू नका.

लातूरचा_कृषीवाला
मी अजूनही म्हणतो देऊ नका. एप्रिलमध्ये इथेच कळवा काय झालं ते.